मैलाचा पेस किलोमीटरमध्ये : धावण्याच्या वेळापत्रकाचे अचूक रूपांतर

डिसेंबर-जानेवारीतील अर्धमॅरेथॉनची तयारी करणारे अनेक हौशी धावपटू इंटरनेटवर किंवा पुस्तकांत मिळणारे अमेरिकी प्रशिक्षकांचे वेळापत्रक वापरतात. त्या वेळापत्रकांत अंतर मैलांत आणि धावण्याचा पेस ‘मैलामागे इतकी मिनिटे’ असा दिलेला असतो. आपल्याकडील शर्यतींतील फलक, मनगटावरील घड्याळ आणि व्यायामशाळेतील ट्रेडमिल ही सर्व किलोमीटरमध्ये बोलतात. त्यामुळे सरावाला सुरुवात करण्यापूर्वी संपूर्ण वेळापत्रक एकदा किलोमीटरमध्ये उतरवून घ्यावे लागते. हे काम दिसायला एका भागाकाराचे आहे. परंतु त्यात होणाऱ्या दोन-तीन ठरावीक चुका लक्षात न आल्यास बारा आठवडे चुकीच्या पेसने सराव होतो आणि त्याचा उलगडा शर्यतीच्या दिवशीच होतो.

पेस आणि वेग

ठरावीक अंतर कापण्यास लागणारा वेळ म्हणजे पेस, आणि ठरावीक वेळात कापलेले अंतर म्हणजे वेग. दोन्ही एकाच गोष्टीची मोजमापे असली तरी ती परस्परांच्या उलट चालतात. धावपटू जितका जलद, तितका त्याच्या वेगाचा आकडा मोठा आणि पेसचा आकडा लहान. वाहनाच्या वेगाची सवय असलेल्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. ताशी मैलांचे ताशी किलोमीटर करताना १.६ ने गुणावे लागते, हे त्याला पाठ असते; तोच नियम तो पेसलाही लावतो. मैलामागे ८ मिनिटे ३० सेकंद हा पेस १.६०९ ने गुणला तर किलोमीटरमागे जवळजवळ १३ मिनिटे ४१ सेकंद असे उत्तर येते. ही झपाझप चालण्यापेक्षाही संथ चाल झाली. किलोमीटर मैलापेक्षा लहान आहे, म्हणून तो कापायला वेळ कमीच लागणार. अर्थात पेसचे रूपांतर करताना भागायचे असते. उत्तर मूळ आकड्यापेक्षा मोठे आले, की गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली असे खुशाल समजावे.

भागायचे ते १.६०९३४४ ने. १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी यार्डाची लांबी ०.९१४४ मीटर अशी एकमताने निश्चित केली. मैल १,७६० यार्डांचा असल्यामुळे तो नेमका १,६०९.३४४ मीटरांचा ठरला. खलाशी वापरतात तो सागरी मैल १,८५२ मीटरांचा असून धावण्याशी त्याचा संबंध नाही. मोबाइलवरील एखाद्या रूपांतर-साधनात चुकून ती निवड झाली, तर सर्वच उत्तरे चुकतात.

आधी सेकंद, मग भागाकार

मिनिटांचा हिशेब साठाचा आणि गणकयंत्राचा हिशेब शंभराचा. रूपांतरातील बहुतेक गोंधळ याच फरकातून होतो. ८:४५ म्हणजे आठ मिनिटे पंचेचाळीस सेकंद. गणकयंत्राच्या दृष्टीने ती ८.४५ मिनिटे नसून ८.७५ मिनिटे आहेत. हा टप्पा ध्यानात ठेवून एखाद्याने ८.७५ ला १.६०९३४४ ने भागले, तर उत्तर ५.४४ येते. आता हे उत्तर ‘पाच मिनिटे चव्वेचाळीस सेकंद’ असे वाचण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ०.४४ मिनिट म्हणजे सुमारे २६ सेकंद, आणि खरे उत्तर ५:२६ आहे. जाताना घेतलेली काळजी येताना सुटली, की किलोमीटरमागे १८ सेकंदांचा फरक पडतो.

यावरील साधा उपाय म्हणजे दशांश मिनिटांच्या वाटेला न जाता सुरुवातीलाच सगळे सेकंदांत आणणे. पायऱ्या तीनच आहेत. मिनिटांना ६० ने गुणून त्यांत सेकंद मिळवावेत. येणाऱ्या संख्येला १.६०९३४४ ने भागावे. उत्तराला ६० ने भागून पूर्ण मिनिटे वेगळी काढावीत आणि उरलेले सेकंद जवळच्या पूर्णांकात लिहावेत. ८:४५ साठी ८ × ६० + ४५ = ५२५; ५२५ ÷ १.६०९३४४ = ३२६.२, त्यात पाच मिनिटांचे ३०० सेकंद, बाकी २६. उत्तर ५:२६.

धावता धावता तोंडी हिशेब करायचा असल्यास सेकंदांचे ६० टक्के काढून त्यांत २ टक्के मिळवावेत. ५२५ चे ६० टक्के ३१५, दोन टक्के साडेदहा, बेरीज तीनशे साडेपंचवीस. म्हणजे पुन्हा ५:२६ च्या आसपास. या पद्धतीत उत्तर जेमतेम एका सेकंदाने कमी येते. १.६ ने भागण्याची पद्धत अधिक सोपी वाटते, पण तिच्यात साधारण दोन सेकंद जास्त येतात. रोजच्या हलक्या धावेसाठी दोन सेकंदांना महत्त्व नाही. शर्यतीच्या पेसचे तसे नाही, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

एक वेळापत्रक, आरंभापासून अखेरपर्यंत

समजा, मडगावातील एका नोकरदार धावपटूला अर्धमॅरेथॉन दोन तासांत पूर्ण करायची आहे. त्याच्या हाती असलेल्या बारा आठवड्यांच्या अमेरिकी वेळापत्रकात चार पेस स्पष्ट दिलेले आहेत : हलकी धाव अर्थात इझी रन १०:३०, शर्यतीचा पेस ९:०९, टेम्पो ८:४५ आणि इंटर्व्हल ८:२०. रविवारच्या लांब धावेसाठी ‘शर्यतीच्या पेसपेक्षा मैलामागे ६० ते ९० सेकंद सावकाश’ एवढीच सूचना आहे.

चारही पेसचे रूपांतर वरील तीन पायऱ्यांनी असे होते :

| सराव | मैलामागे | सेकंद | भागाकार | किलोमीटरमागे |
|---|---|---|---|---|
| इझी | १०:३० | ६३० | ३९१.५ | ६:३१ |
| शर्यत | ९:०९ | ५४९ | ३४१.१ | ५:४१ |
| टेम्पो | ८:४५ | ५२५ | ३२६.२ | ५:२६ |
| इंटर्व्हल | ८:२० | ५०० | ३१०.७ | ५:११ |

तक्ता पूर्ण झाल्यावर चारही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून त्यांचा क्रम पाहावा. इझी सर्वांत सावकाश, त्यानंतर शर्यतीचा पेस, त्याहून जलद टेम्पो आणि सर्वांत जलद इंटर्व्हल, हा मूळ वेळापत्रकातील क्रम रूपांतरानंतरही तसाच राहिला पाहिजे. टेम्पोच्या ओळीत चुकून ५:४४ लिहिले गेले असते, तर टेम्पो हा शर्यतीच्या ५:४१ पेसपेक्षाही सावकाश ठरला असता. अशी विसंगती दिसताच त्या ओळीचा हिशेब पुन्हा करावा. चारही ओळींत एकच चूक झाली असेल, तर ती क्रमावरून कळत नाही. म्हणून किमान एक उत्तर उलट दिशेने तपासावे : ३२६ सेकंद, त्याचे निम्मे १६३ आणि दहावा हिस्सा सुमारे ३३, बेरीज ५२२, म्हणजे ८:४२. मूळच्या ८:४५ शी तीन-चार सेकंदांच्या आत जुळले, की काम बरोबर आहे.

शर्यतीच्या पेसच्या बाबतीत मैलाच्या आकड्यावर विसंबण्याचेही कारण नाही. उद्दिष्ट वेळ आणि अंतर दोन्ही ज्ञात आहेत. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते आणि दोन तासांचे ७,२०० सेकंद होतात. त्यांचा भागाकार ३४१.२७ येतो. इथे पूर्णांक करताना खालचा आकडा घ्यावा. ५:४१ ने धावल्यास शर्यत १ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांत संपते. ५:४२ ने धावल्यास २ तास १५ सेकंद लागतात. १.६ ने भागण्याच्या सोप्या पद्धतीने ५:४३ हा पेस मिळाला असता आणि त्यावर मन लावून सराव करणारा धावपटू दोन तासांच्या उद्दिष्टाला सुमारे ३६ सेकंदांनी मुकला असता.

फरकाचेही रूपांतर हवे

लांब धावेच्या सूचनेत सर्वांत फसवी चूक दडलेली असते. धावपटूने शर्यतीचा पेस नीट बदलून ५:४१ केलेला असतो. नंतर वेळापत्रक वाचून तो त्यात ६० ते ९० सेकंद मिळवतो आणि ६:४१ ते ७:११ हा पल्ला लिहून ठेवतो. परंतु ते ६० ते ९० सेकंद मैलामागे आहेत. फरकालाही १.६०९३४४ ने भागले पाहिजे. मग ६० चे ३७ आणि ९० चे ५६ सेकंद होतात, आणि लांब धावेचा योग्य पल्ला ६:१८ ते ६:३७ असा येतो.

दोन्ही पल्ले शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. चुकीच्या पल्ल्यातील सर्वांत जलद पेस ६:४१ आहे आणि तो बरोबर पल्ल्यातील सर्वांत सावकाश पेसपेक्षाही मंद आहे. म्हणजे असा धावपटू एकाही रविवारी वेळापत्रकाने सांगितलेल्या पल्ल्यात धावणार नाही. १६ किलोमीटरच्या धावेत ६:३७ ऐवजी ७:११ धरल्यास नऊ मिनिटे अधिक लागतात.

सावकाश धावण्यातून मोठे नुकसान होत नाही. जलद बाजूला हीच चूक महागात पडते. ‘शर्यतीच्या पेसपेक्षा मैलामागे ५० सेकंद जलद’ अशी इंटर्व्हलची सूचना असेल, तर ५० चे ३१ सेकंद होऊन पेस ५:१० येतो. फरक न बदलता ५:४१ मधून सरळ ५० वजा केले, तर ४:५१ उरतात. हा मैलामागे ७:४८ इतका पेस झाला; मूळ सूचना ८:१९ ची होती. पहिल्या दोन आवर्तनांत पाय साथ देतात, तिसऱ्यात श्वास फुलतो आणि चौथे आवर्तन अर्धवट सुटते. धावपटू स्वतःच्या तयारीला दोष देतो, प्रत्यक्षात दोष वजाबाकीचा असतो. ठरलेली आवर्तने आठवड्यामागून आठवडे अपुरी राहू लागली, की पेसचा कागद पुन्हा तपासावा.

वेळापत्रकात ‘प्लस’ किंवा ‘मायनस’ अशा शब्दांत दिलेल्या सूचना आढळल्यास सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे बेरीज-वजाबाकी आधी मैलातच पूर्ण करणे आणि आलेला अंतिम पेस एकदाच किलोमीटरमध्ये आणणे. ९:०९ मध्ये ९० सेकंद मिळवून १०:३९, म्हणजे ६३९ सेकंद. त्याला भागून ३९७, अर्थात ६:३७. उत्तर तेच येते आणि विसरण्याजोगी पायरी उरत नाही.

अंतर आणि ट्रॅक

पेसबरोबर अंतरही बदलावे लागते. मात्र तिथे गुणाकार करायचा असतो. सहा मैलांची धाव ९.६६ किलोमीटरची होते. ती साडेनऊ किंवा दहा किलोमीटर धरल्याने सरावात काही बिघडत नाही. इंटर्व्हलमध्ये थोडी अधिक काटेकोर नजर हवी. ‘एक मैल, तीन वेळा’ हा सराव ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्यांत केला जातो. चार फेऱ्या म्हणजे १,६०० मीटर, मैलाला ९.३४ मीटर कमी. त्यामुळे ८:२० च्या पेसने चार फेऱ्यांना ८:२० नव्हे, तर ८:१७ लागले पाहिजेत. एका फेरीचा वेळ काढण्यासाठी किलोमीटरच्या सेकंदांना ०.४ ने गुणावे : ३१०.७ × ०.४ = १२४.३, म्हणजे फेरीला २ मिनिटे ४ सेकंद. ट्रॅकवर घड्याळातील जीपीएसपेक्षा रेघेवर पाहिलेला हा वेळ अधिक भरवशाचा असतो, कारण वळणांवर जीपीएसची नोंद सरकते.

पावसाळ्यात ट्रेडमिलवर सराव करावा लागल्यास पेसचा ताशी वेग करावा. ३,६०० ला किलोमीटरमागील सेकंदांनी भागले की ट्रेडमिलवर लावायचा आकडा मिळतो. टेम्पोचे ३२६ सेकंद म्हणजे ताशी ११ किलोमीटर, इझीचे ३९१ सेकंद म्हणजे ताशी ९.२.

संगणकावर करताना

संपूर्ण वेळापत्रक एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये बदलायचे असल्यास एकच सूत्र पुरते :

```
A2:  0:08:45
B2:  =A2/1.609344
```

B2 या घराला `mm:ss` हे स्वरूप दिल्यावर तिथे 05:26 दिसते. अडचण येते ती A2 मध्ये नुसते `8:45` लिहिल्यावर. संगणक त्याला आठ तास पंचेचाळीस मिनिटे समजतो, भागाकार बरोबर करतो, आणि `mm:ss` स्वरूपात त्यातील तास गाळून 26:13 असे उत्तर दाखवतो. पुढे शून्य तास लिहिण्याची सवय ठेवली की हा घोळ टळतो.

हाताशी ठेवण्याचा तक्ता

| मैलामागे | किलोमीटरमागे |
|---|---|
| ७:०० | ४:२१ |
| ७:३० | ४:४० |
| ८:०० | ४:५८ |
| ८:३० | ५:१७ |
| ९:०० | ५:३६ |
| ९:३० | ५:५४ |
| १०:०० | ६:१३ |
| १०:३० | ६:३१ |
| ११:०० | ६:५० |
| ११:३० | ७:०९ |
| १२:०० | ७:२७ |

मधल्या आकड्यांसाठी मैलाच्या दर पाच सेकंदांमागे किलोमीटरचे तीन सेकंद धरावेत. ९:१० हवे असल्यास ९:०० समोरच्या ५:३६ मध्ये सहा सेकंद मिळवून ५:४२ मिळतात.

रूपांतराने न सुटणारे प्रश्न

भागाकार कितीही अचूक केला तरी दोन गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. पहिली शर्यतीच्या दिवशीच्या घड्याळाची. रस्त्यावरील शर्यतीचे अंतर शक्य त्या सर्वांत आखूड मार्गाने मोजलेले असते. गर्दीतून वाट काढत, वळणे बाहेरून घेत धावणारा धावपटू त्याहून थोडे अधिक धावतो आणि जीपीएसची स्वतःची चूकही त्यात मिसळते. शेवटच्या रेषेवर घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवत असेल, तर दोन तासांच्या उद्दिष्टासाठी त्याच घड्याळात सरासरी पेस ५:३८ दिसायला हवा. ५:४१ पाहून निश्चिंत राहिलेला धावपटू मिनिटभर उशिरा पोहोचतो. म्हणून शर्यतीत घड्याळातील पेसपेक्षा रस्त्याकडेच्या किलोमीटर फलकांपाशी झालेला एकूण वेळ पाहावा. ५:४१ च्या पेसने पाचव्या फलकापाशी २८:२५, दहाव्यापाशी ५६:५० आणि पंधराव्यापाशी १ तास २५ मिनिटे १५ सेकंद झालेले असावेत.

दुसरी गोष्ट हवामानाची. थंड, कोरड्या प्रदेशातील धावपटू डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला ८:४५ चा टेम्पो किलोमीटरमध्ये ५:२६ होतो, हे सर्वत्र सारखेच. पण किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर लवकर तापते आणि त्याच ५:२६ साठी हृदयाला अधिक कष्ट पडतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात टेम्पो धावताना एखादे तुटक वाक्यही बोलता येत नसेल, तर पेस काही सेकंदांनी सैल करणे योग्य. ही सूट घ्यायची ती अचूक आकडा हाती असतानाच. मुळातला आकडा चुकीचा असेल, तर दमछाक हवेमुळे झाली की हिशेबामुळे, हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही.